रात्री खाजेने झोपमोड होते? झोपण्याआधीच्या दीड तासात काय करायचं

दिवसा कामाच्या नादात खाज फारशी जाणवत नाही. दिवा मालवून अंथरुणात शिरलं की पोटऱ्या, गुडघ्यामागच्या लवणी, मान, सगळं एकदम चुरचुरायला लागतं. एक्झिमा, म्हणजे इसब, किंवा नुसतीच फार कोरडी त्वचा असलेल्या मोठ्या माणसांची ही नेहमीची तक्रार आहे. मन रिकामं झालं म्हणून खाज जाणवते हे खरं, पण अर्धंच खरं. झोपेच्या तयारीत शरीर आतली उष्णता त्वचेवाटे बाहेर टाकतं, त्यामुळे अंग वरून गरम होतं, आणि गरम त्वचेला खाज जास्त सुटते. रात्री त्वचेतून हवेत उडून जाणारं पाणीही वाढतं. त्यात दाह दाबून ठेवणारं कॉर्टिसोल हे संप्रेरक मध्यरात्रीच्या सुमाराला सर्वांत कमी असतं.

उडून जाणारं पाणी, वाढलेली उष्णता आणि न दबलेला दाह या तिन्ही गोष्टींवर झोपण्याआधीच्या तास-दीड तासात बरंच काही करता येतं. जाग आल्यानंतर करण्यासारखं त्या मानाने फार थोडं उरतं. म्हणून या लेखाचा भर संध्याकाळवर आहे. इथली सगळी मापं मोठ्या माणसांसाठी आहेत, लहान मुलांना ती लावू नका.

आधी उजेडात त्वचा पाहा

काय लावायचं हे त्वचा नुसती कोरडी आहे की तिच्यात दाह आहे, यावर ठरतं. नुसती कोरडी त्वचा खरखरीत असते, तिच्यावर नखाने पांढरी रेघ उमटते, बारीक कोंडा निघतो. तिला मॉइश्चरायझर पुरतं. दाह असलेला चट्टा हाताला जाडसर, थोडा उंचवट्यासारखा आणि आजूबाजूपेक्षा गरम लागतो. कधी त्यावर बारीक पुटकुळ्या किंवा ओल असते. अशा चट्ट्याला नुसतं मॉइश्चरायझर कितीही चोपडलं तरी रात्रीची खाज थांबत नाही, त्याला दाह कमी करणारं औषध लागतं.

माहितीपत्रकांत ‘लाल चट्टे’ असं लिहिलेलं असतं. सावळ्या त्वचेवर ती लाली दिसतेच असं नाही. चट्टा जांभळट, करडा किंवा नुसता गडद तपकिरी दिसतो आणि लोक त्याला डाग समजून सोडून देतात. म्हणून डोळ्यांपेक्षा बोटांवर विश्वास ठेवा: डोळे मिटून चट्ट्यावरून बोट फिरवा. खरखर आणि जाडपणा लागला तर इसब अजून चालू आहे. बोटाला मऊ लागलं पण रंग गडद आहे, तर तो मागे राहिलेला डाग आहे. तो सावकाश जातो, त्यावर औषध लावत बसायची गरज नसते.

चाळिशी-पन्नाशीनंतर नडग्यांवर एक वेगळा प्रकार दिसतो. त्वचा इतकी सुकते की आटलेल्या तळ्याच्या तळाला पडाव्यात तशा जाळीदार भेगा पडतात. हेही इसबच आहे. कडक गरम पाण्याने आणि साबणाने ते सर्वांत जास्त बिघडतं, म्हणजे पुढची पायरी या लोकांनी विशेष मनावर घ्यायला हवी.

अंघोळ: कोमट आणि थोडक्यात

झोपण्याच्या साधारण तास-दीड तास आधी अंघोळ करा. पाणी कोमट असावं, मनगटाच्या आतल्या बाजूवर ना गार ना गरम लागेल इतपतच. पाच ते दहा मिनिटांत बाहेर या. गरम पाण्याचा झोत खाजेवर पडला की क्षणभर फार सुख वाटतं, आणि त्याच सुखाची किंमत अर्ध्या तासाने दुप्पट खाजेने मोजावी लागते, कारण गरम पाणी त्वचेवरची स्निग्धता धुऊन नेतं आणि त्वचा तापवतं.

साबण काखा, जांघा आणि पावलांपुरता ठेवा. हातपाय आणि पाठ घाण झालेली नसेल तर त्यांना साबणाची गरज नाही. साबणाऐवजी सुगंध नसलेलं सौम्य क्लीन्झर वापरलं तर उत्तम. ‘हर्बल’ किंवा ‘नैसर्गिक’ लिहिलेलं म्हणजे सौम्य असं नाही, वनस्पतींच्या सुगंधी तेलांचीही ॲलर्जी येते. घासणी आणि खरखरीत कापड अजिबात नको. शेवटी टॉवेलने अंग टिपून घ्या, रगडू नका. त्वचा किंचित ओलसर राहिली पाहिजे.

टॉवेलनंतरचा गोंधळ

इथे बहुतेकांची गाडी अडते. एकीकडे सांगितलेलं असतं की अंघोळीनंतर दोन-तीन मिनिटांत, अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. दुसरीकडे स्टेरॉइड मलम आणि मॉइश्चरायझर यांत वीस-तीस मिनिटांचं अंतर ठेवायला सांगतात, कारण दोन्ही लागोपाठ लावली तर मलम पातळ होतं आणि जिथे नको तिथे पसरतं. मग आधी काय? मागे-पुढे कोणतंही चालतं, पण रात्रीसाठी मला पुढची रीत सर्वांत सोयीची वाटते.

टिपून झाल्याबरोबर चट्टे सोडून बाकी सगळ्या कोरड्या त्वचेवर मॉइश्चरायझर लावा, म्हणजे तिथला ओलावा अडकतो. चट्ट्यांवर त्याच वेळी डॉक्टरांनी दिलेलं मलम लावा. मग वीस-तीस मिनिटं दुसरं काही करा, उद्याचे कपडे काढून ठेवा, दिवे मंद करा. शेवटी चट्ट्यांवरूनही मॉइश्चरायझरचा हलका हात फिरवा. अंतर पाळण्यासाठीच अंघोळ झोपेच्या अगदी तोंडावर नको. शिवाय अंग गार व्हायलाही तेवढा वेळ मिळतो.

मॉइश्चरायझर चोळायचं नसतं. थोडं थोडं ठिपक्यांनी ठेवून केसांच्या दिशेने, म्हणजे वरून खाली, सावकाश पसरवायचं. उलट दिशेने रगडलं तर केसांची मुळं बुजून पुटकुळ्या येतात. त्वचा चकचकीत दिसली आणि हाताला थोडी चिकट लागली की पुरेसं झालं. डबा असेल तर त्यात बोटं न घालता स्वच्छ चमच्याने काढा, नाहीतर त्यात जंतू वाढतात. क्रीम लागलेल्या तळपायांनी ओल्या फरशीवर पाय घसरतो, म्हणून तळपाय बाथरूममध्ये नको, पलंगावर बसल्यावर करा.

किती लावायचं? एक हिशेब

मॉइश्चरायझरचा उपयोग झाला नाही म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ते फारच कमी लावलेलं असतं. मापासाठी एक सोपी पद्धत आहे. नेहमीच्या तोंडाच्या ट्यूबमधून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत मलमाची एक पट्टी पिळायची. ही साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि मोठ्या माणसाच्या दोन पंजांएवढ्या जागेला पुरते. पंजा म्हणजे बोटं सरळ, एकमेकांना जुळवून ठेवलेला, बोटांसकट तळहात.

समजा, अठ्ठेचाळीस वर्षांच्या एक बाई आहेत. दोन्ही कोपरांच्या आतल्या बाजूला आणि दोन्ही गुडघ्यांमागे प्रत्येकी एका पंजाएवढा जाड चट्टा आहे, आणि हातपाय सगळेच कोरडे आहेत. रात्री दोन-अडीचला खाजवत जाग येते.

चट्टे चार, म्हणजे चार पंजे, म्हणजे मलमाच्या दोन पट्ट्या, म्हणजे एक ग्रॅम. रोज रात्री एकदा लावलं तर १५ ग्रॅमची ट्यूब पंधरा दिवस पुरेल. तीच ट्यूब दोन महिने चालली असेल, तर मलम निरुपयोगी आहे असं म्हणण्याआधी मापाकडे पाहायला हवं. उलट चार दिवसांत संपत असेल, तर ते चट्ट्यांबाहेर लागतं आहे.

आता मॉइश्चरायझर. एका हाताला पंजासकट चार पट्ट्या लागतात, एका पायाला पावलासकट आठ. दोन हात, दोन पाय मिळून चोवीस पट्ट्या, म्हणजे एका वेळेला १२ ग्रॅम. दिवसातून दोनदा लावलं तर रोजचे २४ ग्रॅम आणि आठवड्याचे जवळपास १७० ग्रॅम. पोट, पाठ आणि मान यात धरलेलीच नाहीत. सगळं अंग कोरडं असलेल्या मोठ्या माणसाला आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम लागतं, असं डॉक्टर सांगतात. या हिशेबाने या बाईंची ५० ग्रॅमची ट्यूब दोन दिवसांत संपायला हवी. ती महिनाभर पुरत होती. त्यांनी महागड्या छोट्या ट्यूबऐवजी साधं, मोठ्या डब्यातलं किंवा पंपाचं मॉइश्चरायझर घ्यावं हेच बरं. परवडेल आणि हात न आखडता लावता येईल, ते चांगलं.

कोणतं घ्यायचं

लोशन पातळ असतं, त्यात पाणी जास्त. ते दिवसा किंवा केसाळ भागावर ठीक, रात्रीसाठी कमी पडतं. क्रीम मधलं. पेट्रोलियम जेलीसारखं घट्ट मलम त्वचेतलं पाणी सर्वांत चांगलं अडवतं आणि भेगांवर झोंबत नाही. पण ते चिकट असतं आणि उकाड्यात त्याखाली घाम साचून खाज वाढते. म्हणून थंड, कोरड्या दिवसांत मलम आणि दमट गरमीत क्रीम, अशी अदलाबदल करावी.

युरिया असलेली क्रीम जाड, कोरड्या त्वचेवर छान काम करते. पाच ते दहा टक्क्यांची घ्या, पण खाजवून सोललेल्या जागी लावू नका, आग होते. सुगंध कुठल्याही रूपात नको. ऑलिव्ह तेल त्वचेचं संरक्षक आवरण आणखी कमकुवत करतं, ते टाळा. नवं काहीही अंगभर लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला, चट्टा नसलेल्या जागी, आठवडाभर लावून पाहा.

एक धोका कमी लोकांना माहीत असतो. मॉइश्चरायझर कपड्यांत आणि चादरींत मुरतं आणि असं कापड आगीजवळ गेलं तर भराभर पेटतं. फक्त पेट्रोलियम जेलीच नाही, इतर क्रीमही. कापड धुतलं तरी अंश राहतो. ही रात्रचर्या सुरू केल्यावर अंथरुणात सिगारेट नको, उघड्या ज्योतीजवळ जायचं नाही.

स्टेरॉइड मलमाबद्दल

या मलमाची भीती आणि त्याचा अतिरेक, दोन्ही सारखेच नुकसान करतात. घाबरून दोन दिवस लावायचं, थोडं बरं वाटलं की सोडायचं, चट्टा उसळला की पुन्हा दोन दिवस, असं केलं की दाह कधीच पूर्ण बसत नाही आणि एकूण मलम मात्र जास्त लागतं. डॉक्टरांनी दिलेलं योग्य ताकदीचं मलम दिवसातून एकदा, शक्यतो रात्री, बोटाला त्वचा मऊ लागेपर्यंत लावायचं. याला बहुधा एक ते दोन आठवडे लागतात. त्यानंतर चट्टे पुन्हा पुन्हा त्याच जागी येत असतील तर डॉक्टर काही काळ आठवड्यातून फक्त दोन दिवस तिथेच मलम लावायला सांगतात. रात्रीची खाज परतू नये यासाठी ही दोन दिवसांची पद्धत फार उपयोगी आहे.

चेहरा, पापण्या, काखा, जांघा इथली त्वचा पातळ असते. हातापायांचं मलम तिथे लावू नका. तिथे सौम्य स्टेरॉइड किंवा टॅक्रोलिमससारखं स्टेरॉइड नसलेलं मलम देतात. टॅक्रोलिमस पहिले काही दिवस चुरचुरतं, ते अपेक्षित असतं आणि हळूहळू कमी होतं.

फार पेटलेली रात्र

चट्टे खूपच भडकले असतील तर ओलसर कापडाचा थर फार आराम देतो. मॉइश्चरायझर जाड लावा. एक सुती, अंगाबरोबरचा पायमोजा किंवा पायजमा कोमट पाण्यात भिजवून पिळा, पाणी ठिबकता कामा नये. तो घाला आणि त्यावर दुसरा कोरडा सुती थर घाला. पाणी सावकाश उडताना त्वचा गार राहते, आणि नखं थेट त्वचेपर्यंत पोचत नाहीत. आतला थर सुकायला लागला की काढा किंवा पुन्हा ओला करा, थंडी वाजली तर लगेच काढा. काही दिवसांपुरताच हा उपाय आहे. चट्ट्यातून पाणी किंवा पू येत असेल तर तो करू नका. आणि या थराखाली स्टेरॉइड मलम असेल तर ते कितीतरी जास्त शोषलं जातं, म्हणून ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

अंथरूण आणि खोली

खोली थोडी गार असू द्या, १८ ते २० अंश चांगलं. तेवढं जमत नसेल तर निदान हवा खेळती ठेवा. एका जाड पांघरुणापेक्षा दोन पातळ बरी, झोपेतही एक लाथाडता येतं. अंगावर सैल, मऊ सुती कपडे. लोकर त्वचेला टोचते. चादरी धुताना सुगंध नसलेला साबण वापरा, एकदा जास्त पाण्यातून काढा आणि कपडे मऊ करणारा द्रव टाळा.

नखं आठवड्यातून दोनदा कापून कानशीने गोल करा. झोपेत खाजवणं थांबवता येत नाही, पण त्याने होणारी जखम कमी करता येते. पातळ सुती हातमोजे काहींना जमतात, काहींचे पहाटेपर्यंत पलंगाखाली सापडतात.

तरी जाग आलीच तर

उशाशी दोन गोष्टी ठेवा: मॉइश्चरायझरची छोटी डबी आणि पातळ कापड. फ्रिजमध्ये एक थंड पॅक तयार असू द्या. खाज आली की पॅक कापडात गुंडाळून पाच-दहा मिनिटं त्या जागी ठेवा. बर्फ थेट त्वचेवर नको. मग मॉइश्चरायझर लावा. फ्रिजमध्ये ठेवलेलं असेल तर आणखी बरं.

हात आपोआप खाजवायला जातो, त्याला दुसरं काम द्या. मूठ घट्ट आवळून अर्धं मिनिट धरा, मग खाजेची जागा तळहाताने दाबून धरा किंवा नखाने हलके टोचा, ओरखडू नका. वीसेक मिनिटं झोप लागली नाही तर अंथरुणातून उठा, मंद दिव्यात शांत बसा, पेंग आली की परत या. पडून राहून खाजेची वाट पाहत बसलं तर अंथरूण आणि खाज यांचीच सांगड मनात पक्की होते.

खाजेची गोळी

रात्री एखादी अँटीहिस्टामिन गोळी घ्यावी का? पित्ताच्या गांधी उठतात तेव्हा खाजेमागे हिस्टामिन असतं आणि या गोळ्या नेमक्या तिथे चालतात. इसबाची खाज मुख्यतः दुसऱ्या रसायनांमुळे होते, त्यामुळे गुंगी न आणणाऱ्या गोळ्यांचा इथे फारसा उपयोग नसतो. गुंगी आणणाऱ्या जुन्या गोळ्या झोप आणतात, पण ती गाढ नसते, आणि सकाळी डोकं जड राहतं. वयस्करांत तोल जाणं, गोंधळणं, लघवी अडणं हे धोके आहेत. डॉक्टरांनी चार-आठ दिवसांसाठी दिली तर वेगळं, पण महिनोन्महिने स्वतःच्या मनाने घेणं मला अजिबात पटत नाही.

दोन आठवड्यांनी फरक नसेल तर

मापाने आणि रोज केलं तर दोन आठवड्यांत जाग येण्याचं प्रमाण कमी झालेलं दिसायला हवं. दिसलं नाही, तर निदानच दुसरं असू शकतं. पहिला संशय खरुजेचा. तीही रात्रीच सर्वांत जास्त खाजते. बोटांच्या बेचक्या, मनगटं, कंबर, गुप्तांगांजवळ पुटकुळ्या असतील आणि घरातल्या दुसऱ्या कुणालाही खाज सुटत असेल, तर आधी ती तपासून घ्या. तिचा उपचार एकाच वेळी सगळ्या घराने करावा लागतो. दुसरा संशय गजकर्णाचा: कडा उंच, मधली त्वचा त्यामानाने साफ, आणि चट्टा बाहेर बाहेर पसरत जाणारा. यावर स्टेरॉइड मलम लावलं तर आधी बरं वाटतं आणि मग ते वेडंवाकडं फैलावतं.

पुरळ काहीच नाही आणि अंगभर खाज आहे, असं सहा आठवडे चाललं तर रक्ततपासणी करून मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड आणि लोह पाहायला हवं. चालू असलेली औषधंही सांगा. विनाकारण वजन उतरणं, रात्री घामाने भिजणं किंवा डोळे पिवळे दिसणं याची साथ असेल तर सहा आठवडे थांबू नका.

आणि एक प्रसंग असा, की त्यात दुसऱ्या दिवसाचीही वाट पाहायची नाही: इसबाच्या जागी एकसारख्या आकाराच्या पाणीदार फोडांचा घोळका, ते फुटून खोलगट जखमा, खाजेपेक्षा वेदना जास्त, ताप. हा हर्पिस विषाणूचा संसर्ग असू शकतो आणि त्याच दिवशी उपचार लागतात, डोळ्याजवळ असेल तर जास्तच तातडीने. मधासारख्या पिवळ्या खपल्या, पू, पसरत जाणारी गरम सूज हीसुद्धा डॉक्टरांकडे लवकर नेण्यासारखी लक्षणं आहेत.

त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना वापरलेल्या सगळ्या ट्यूब आणि डबे सोबत न्या, रिकामेसुद्धा. कोणतं मलम किती दिवसांत किती ग्रॅम संपलं आणि रात्री साधारण किती वाजता जाग येते, एवढं कागदावर लिहून ठेवा. मापात लावूनही खाज थांबत नाही हे त्यातून दिसलं, की डॉक्टरांना पुढच्या उपचारांचा विचार करता येतो: आठवड्यातून दोन-तीनदा घ्यायचे अतिनील किरणांचे उपचार, पोटात घ्यायची औषधं, किंवा इसबाच्या दाहावर नेमकी चालणारी इंजेक्शनं.